90 दिवसांची नोटीस कमी करून मागताना मॅनेजरसमोर काय ठेवायचं

जूनच्या 2 तारखेला, सोमवारी सकाळी, माझ्या टीममधली एक मुलगी मीटिंग रूममध्ये येऊन बसली आणि म्हणाली, "सर, मी राजीनामा देतेय. आणि नव्वद दिवस मला थांबता येणार नाही. पंचेचाळीस दिवसांत सोडाल का?"

मी तेव्हा पुण्यातल्या एका आयटी कंपनीत डिलिव्हरी मॅनेजर होतो. अशी मागणी वर्षातून सात-आठदा यायची. बहुतेक वेळा मला 'बघू' असं म्हणावं लागायचं, आणि त्या 'बघू'चं पुढे फारसं काही व्हायचं नाही. या मुलीचं काम मात्र झालं. तिला हवं होतं तसंच्या तसं नाही, पण जे मिळालं ते तिच्या घराला पुरेसं होतं. तिने काय केलं ते मी टेबलाच्या पलीकडून पाहिलंय. नोटीस कमी करून मागणाऱ्यांना ते उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितो.

मॅनेजरच्या हातात नेमकं काय असतं

आधी एक गैरसमज दूर करू. नोटीस कमी करायचा अंतिम अधिकार बहुतेक कंपन्यांत मॅनेजरकडे नसतो. मॅनेजर शिफारस करतो, त्याच्या वरचा माणूस होकार देतो आणि एचआर शेवटची तारीख सिस्टिममध्ये बदलतं. क्लायंटच्या प्रोजेक्टवर बिलिंग चालू असेल तर वरच्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ही गेली की बिलिंग थांबणार का?" दुसरा प्रश्न, "तिच्या जागी कोण आणि कधी?" तुम्ही मॅनेजरकडे जाता तेव्हा खरं तर त्याला या दोन प्रश्नांची उत्तरं पुरवायला जाता. 'सोडा ना, प्लीज' एवढंच त्याच्या हातात दिलंत, तर वर न्यायला त्याच्याकडे काहीच उरत नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या नेमणूकपत्रातली. ते काढून नोटीसचं कलम शब्दन् शब्द वाचा. साधारण तीन प्रकारचं लेखन सापडतं. काही पत्रांत '90 दिवसांची नोटीस किंवा त्याबदली पगार' असं असतं आणि निवड दोन्ही बाजूंना दिलेली असते. काहींत पैसे भरून लवकर जायची सोय असते, पण 'कंपनीच्या मर्जीनुसार' हे शब्द जोडलेले असतात. काहींत पैशांचा उल्लेखच नसतो. पहिल्या प्रकारात तुम्ही तुमचा पर्याय वापरता. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात तुम्ही विनंती करता, त्यामुळे 'मी पैसे भरते, मला अडवू शकत नाही' अशी भाषा तिथे चालत नाही. माझ्या टीममधल्या मुलीचं पत्र दुसऱ्या प्रकारचं होतं.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर कंपनी कोणालाही बळजबरीने कामावर बसवू शकत नाही. व्यक्तीच्या कौशल्यावर अवलंबून असलेला करार न्यायालय सक्तीने पाळायला लावत नाही, हे 1963 च्या विशिष्ट अनुतोष कायद्यातलं तत्त्व आहे. कंपनी भरपाई मागू शकते, आणि 1872 च्या करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे तीही वाजवी असावी लागते, करारात लिहिलेल्या रकमेच्या वर जाता येत नाही. पण प्रत्यक्षात आपली मान अडकते ती रिलिव्हिंग लेटरमध्ये. ते नसेल तर पुढच्या कंपनीची पार्श्वभूमी तपासणी रखडते. म्हणून कायद्यात आपली बाजू किती भक्कम आहे याचा हिशेब मांडण्यापेक्षा सहमतीने सुटणं जास्त फायद्याचं पडतं.

कारण खरं आणि तारखेसकट

तिचं कारण असं होतं. नवऱ्याची मे महिन्यात नागपूरला बदली झाली होती. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, आणि मुलीचा दुसरीतला प्रवेश तिथे झाला होता. मिहानमधल्या एका कंपनीने तिला ऑफर दिली होती आणि 17 जुलैला रुजू व्हायला सांगितलं होतं. 90 दिवस मोजले तर तिचा शेवटचा दिवस 30 ऑगस्टला यायचा. म्हणजे शाळेचे पहिले दोन महिने मुलगी आईशिवाय काढणार होती.

हे सगळं तिने मला एका दमात सांगितलं आणि दोन कागद पुढे ठेवले: ऑफर लेटरमधलं रुजू होण्याच्या तारखेचं पान आणि शाळेच्या प्रवेशाची पावती. पगाराचा आकडा तिने झाकला होता आणि ते योग्यच होतं. नव्या कंपनीचा पगार मॅनेजरला दाखवायची काही गरज नसते. तो दाखवला की बोलणं लगेच काउंटर ऑफरकडे वळतं.

कारण कोणतं चालतं, असं मला पुष्कळ जण विचारतात. माझ्या अनुभवात ज्या कारणाला ठरलेली तारीख आहे आणि जे कागदावर दाखवता येतं, ते चालतं. जोडीदाराची बदली, मुलांची शाळा, परदेशातल्या कोर्सचं सत्र, घरातल्या माणसाची ठरलेली शस्त्रक्रिया, नव्या कंपनीची ठरावीक दिवशी सुरू होणारी ट्रेनिंग बॅच. 'मला इथे कंटाळा आलाय' हे कारण खरं असेलही, पण त्याने तारीख का हलवायची ते कळत नाही.

खोटं आजारपण मात्र कधीच सांगू नका. नीतीचा मुद्दा आहेच, शिवाय एक व्यवहाराचा मुद्दाही आहे. आजारपण सांगितलं की एचआर वैद्यकीय कागद मागतं, रजा घ्यायला सुचवतं, आणि महिन्याभराने नव्या कंपनीतला तुमचा फोटो लिंक्डइनवर दिसतो. ज्या मॅनेजरने तुमच्यासाठी वर शब्द टाकलेला असतो, तो पुढच्या माणसासाठी शब्द टाकत नाही.

खऱ्या कारणाचा आणखी एक फायदा असतो, आणि तो मला या मुलीच्या बाबतीत फार स्पष्ट दिसला. खरं कारण कळलं की मॅनेजर वेगळा मार्ग काढू शकतो. 'नव्या कंपनीने लवकर बोलावलंय' एवढंच तिने सांगितलं असतं, तर माझ्याकडे हो आणि नाही एवढीच दोन उत्तरं होती. मुलीच्या शाळेचं कळल्यावर मला विचारता आलं, "जुलैत तू नागपूरहून घरून काम केलंस तर?" तिची अर्धी अडचण तारखेची होती आणि अर्धी पुण्यात अडकून पडण्याची. या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, हे तिच्याही तोवर लक्षात आलं नव्हतं.

हस्तांतराचा आराखडा

माणसं बहुतेक इथेच कमी पडतात. 'मी नीट केटी देईन' असं प्रत्येक जण म्हणतो. केटी म्हणजे आपलं काम दुसऱ्याला शिकवून सोपवणं, हे आयटीतल्या लोकांना सांगायला नको. पण या वाक्यातून मॅनेजरला काहीच कळत नाही. काय सोपवणार, कोणाला, कधीपर्यंत, आणि समोरच्याला ते आलं की नाही हे कसं कळणार?

ती एका विमा कंपनीच्या क्लेम सिस्टिमचा सपोर्ट बघायची. रात्री अकराला बॅच सुरू व्हायची, पहाटेपर्यंत साठ-सत्तर जॉब, म्हणजे सिस्टिमने आपोआप करायची कामं, एकामागून एक चालायचे. महिनाअखेरीला त्यात हिशेब जुळवण्याचे आणखी काही जॉब यायचे. तिसऱ्या दिवशी, म्हणजे बुधवारी, ती एक पानाचा तक्ता घेऊन आली. तिने स्वतःच्या कामाच्या अकरा बाबी लिहिल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे एकच प्रश्न: हे आज माझ्याशिवाय कोणाला येतं? सात बाबींपुढे टीममधल्या कोणाचं ना कोणाचं नाव होतं. चार बाबींपुढे कोणीच नव्हतं.

तो तक्ता पाहून माझी अर्धी काळजी मिटली, कारण माझी भीती कशाची आहे ते पहिल्यांदा मोजता आलं. अकरा बाबींचं ओझं चारवर आलं. त्यातल्या दोन अगदी लहान होत्या: एका बाहेरच्या पुरवठादाराची फाइल उशिरा आली तर कोणाला फोन करायचा, आणि क्लायंटच्या लेखा विभागाला रोज सकाळी जाणारा अहवाल कसा तपासायचा. त्या एका बैठकीत लिहून संपल्या. उरलेल्या दोन खऱ्या अवघड होत्या. एक, मध्येच पडलेला जॉब कुठून पुन्हा सुरू करायचा याचा निर्णय. चुकीच्या पायरीपासून सुरू केला तर त्याच क्लेमचे पैसे दोनदा जाण्याचा धोका होता. दुसरी, महिनाअखेरीची जुळवाजुळव.

या दोन गोष्टींसाठी तिने चार टप्पे ठरवले होते. पहिल्या आठवड्यात लिहून काढणं. ज्याला शिकायचंय त्या मुलाने दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात तिच्या शेजारी बसून बघणं. चौथ्या-पाचव्या आठवड्यात उलटी केटी: काम तो करणार, ती गप्प बसून बघणार, आणि तो मला समजावून सांगणार की हे असं का केलं. सहाव्या आठवड्यात त्याने एकट्याने करणं, ती फक्त फोनवर. ही उलटी केटी फार मोलाची असते. ऐकताना सगळ्यांनाच सगळं समजल्यासारखं वाटतं. सांगायला लावलं की कुठे अडतं ते उघड होतं.

कोणाला शिकवायचं, हेही तिने सुचवलं होतं. दीड वर्षं टीममध्ये असलेला, रात्रपाळी माहीत असलेला एक मुलगा होता. त्याला न विचारता तिने त्याचं नाव पक्कं केलं नव्हतं, 'तुम्हाला योग्य वाटलं तर' असं लिहिलं होतं. हा विवेक गरजेचा आहे, कारण माणसं कुठे लावायची हे मॅनेजरचं काम असतं. शिवाय बाहेरून बदली माणूस घ्यायचा तर त्यालाही कुठे तरी 90 दिवसांची नोटीस असणार. त्यामुळे आराखडा टीममधल्या माणसावर उभा असेल तरच तो 45 दिवसांत बसतो.

तरीही तिच्या आराखड्यात एक भगदाड होतं, आणि ते मी तिला दाखवलं. 45 वा दिवस 16 जुलैला येत होता. तोवर जूनची महिनाअखेर, जी तिमाहीअखेरही होती, तिच्या देखरेखीत पार पडली असती. पण त्या मुलाने एकट्याने करायची पहिली महिनाअखेर 31 जुलैची होती, आणि तेव्हा ती गेलेली असणार होती. ती चुकली तर क्लायंटसमोर उभं राहायला माझ्याजवळ कोणी नव्हतं.

तुम्ही आराखडा कराल तेव्हा हे आधीच तपासा. तुमच्या कामात वरचेवर येणारा मोठा प्रसंग कोणता? महिनाअखेर, रिलीज, ऑडिट, पगाराचा दिवस. शिकणाऱ्याने तो एकदा तुमच्यासमोर आणि एकदा स्वतः केल्याशिवाय मॅनेजर निश्चिंत होत नाही. कधी कधी चाचणीच्या सिस्टिमवर खोटी महिनाअखेर चालवून ही अडचण सुटते. आमच्याकडे चाचणीच्या सिस्टिमवर खरा डेटा नसायचा, त्यामुळे तो मार्ग बंद होता.

पैशांची तयारी दाखवताना

उरलेल्या दिवसांचे पैसे भरून सुटण्याला सगळे 'बायआउट' म्हणतात. मी तयार आहे, असं म्हणण्याआधी हिशेब स्वतः करून ठेवा, कारण रक्कम दुप्पटही होऊ शकते. ती कशावर मोजायची, मूळ पगारावर की पूर्ण पगारावर, हे पत्रातल्या एका शब्दावर ठरतं.

सोयीसाठी गोल आकडे घेऊ. पूर्ण पगार महिन्याला 90,000 आणि त्यात मूळ पगार 45,000. महिना 30 दिवसांचा धरला तर पूर्ण पगारावर दिवसाचे 3,000 होतात, मूळ पगारावर 1,500. 45 दिवस कमी पडत असतील तर एका हिशेबाने 1,35,000 भरावे लागतात, दुसऱ्याने 67,500.

आता शिल्लक रजा. समजा 10 दिवस अर्जित रजा आहे आणि कंपनी ती नोटीसमध्ये वळती करायला तयार आहे. पुष्कळ कंपन्यांत न वापरलेल्या रजेचे पैसे मूळ पगारावर मिळतात, पण नोटीसची वसुली पूर्ण पगारावर होते. अशा ठिकाणी रजा विकली तर हातात 15,000 येतात, आणि तीच रजा नोटीसमध्ये वळवली तर 30,000 वाचतात. म्हणून रजा वळती करून मागणं हा पैशांच्या तयारीतला पहिला मुद्दा ठेवा. कंपनीलाही त्यात फारसं जड जात नाही. मात्र सगळ्याच कंपन्या याला परवानगी देत नाहीत. धोरण वाचून मगच मागा.

या वसुलीवर जीएसटी लागत नाही. पूर्वी काही कंपन्या 18 टक्के जीएसटी जोडून वसुली करायच्या. 3 ऑगस्ट 2022 च्या 178 क्रमांकाच्या परिपत्रकात केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने स्पष्ट केलं की नोटीसबदलीची वसुली ही कोणत्या सेवेचा मोबदला नाही. तुमच्या हिशेबात जीएसटीची ओळ दिसली तर या परिपत्रकाचा क्रमांक देऊन विचारा.

आयकराचं मात्र जरा त्रासाचं आहे. नवी कंपनी बायआउटचे पैसे परत देणार असेल तर ती रक्कम तुमच्या पगारात धरली जाते आणि तिच्यावर कर कापला जातो. 1,00,000 भरलेत तर 30 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाच्या हातात परत येताना साधारण 69,000 उरतात. जुन्या कंपनीने कापलेली रक्कम पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येईल अशी स्पष्ट तरतूद नाही. 2017 मध्ये अहमदाबादच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाने एका पगारदाराला तशी सवलत दिली होती, पण त्या वाटेने जायचं तर सनदी लेखापालाला सोबत घ्या. नव्या कंपनीशी बोलताना हे दोन प्रश्न नक्की विचारा: किती दिवसांपर्यंतचे पैसे द्याल, आणि वर्षाच्या आत मी सोडलं तर ते परत घ्याल का? दुसऱ्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी 'हो' असतं.

आणि ग्रॅच्युइटी. हे मी वेगळं सांगतोय, कारण एकाचं नुकसान होताना मी जवळून पाहिलंय. ग्रॅच्युइटीसाठी सलग 5 वर्षं लागतात. पैसे भरून सोडवलेले दिवस सेवेत धरले जात नाहीत. 45,000 मूळ पगारावर 5 वर्षांची ग्रॅच्युइटी 45,000 गुणिले 15 भागिले 26 गुणिले 5, म्हणजे सुमारे 1,29,800 होते. तुमची 5 वर्षं नोटीसच्या काळात पूर्ण होत असतील तर लवकर सुटण्याची किंमत बायआउट अधिक ही रक्कम अशी धरा. पाचव्या वर्षाचे 240 दिवस भरले तर ते वर्ष पूर्ण धरावं, असा अर्थ मद्रास उच्च न्यायालयाने लावलाय, पण तो सगळ्या कंपन्या मानत नाहीत. राजीनामा देण्याआधी एचआरकडून लेखी विचारून घ्या.

पैशांबद्दल एक गोष्ट मॅनेजरच्या बाजूने सांगतो. बायआउटचे पैसे मॅनेजरच्या प्रोजेक्टला मिळत नाहीत, ते कंपनीच्या खात्यात जातात. त्याची रात्रीची बॅच तुमच्या 1,35,000 ने चालत नाही. म्हणून बोलण्याची सुरुवात पैशांनी केली तर 'पैसे फेकून निघाली' असं वाटतं. आधी कारण, मग आराखडा, आणि पैसे शेवटी, 'उरलेल्याची भरपाई मी करेन' अशा स्वरात. त्या मुलीने नेमक्या याच क्रमाने सगळं मांडलं.

आधी बोलणं, मग मेल

राजीनाम्याच्या मेलमध्ये तिने शेवटचा दिवस 30 ऑगस्ट असाच लिहिला होता. लवकर सोडण्याची विनंती वेगळ्या मेलमध्ये, आमचं बोलणं झाल्यावर पाठवली. हे मला पटतं. राजीनाम्यातच '16 जुलै माझा शेवटचा दिवस' असं जाहीर केलं तर एचआरला तो करारभंग वाटतो आणि ताठर उत्तर येतं. पूर्ण नोटीस मान्य करून मग सवलत मागितली की बोलायला जागा राहते.

ऑफिसात मेल इंग्रजीत जातो, पण मजकूर साधारण असा असावा:

"सोमवारी बोलल्याप्रमाणे, माझा शेवटचा दिवस 30 ऑगस्टऐवजी 16 जुलै करावा अशी विनंती आहे. पतीची नागपूरला बदली झाली असून मुलीची शाळा जूनअखेरीस तिथे सुरू होते. माझ्या कामाच्या 11 बाबींपैकी 7 टीममध्ये इतरांना येतात. उरलेल्या 4 सोपवण्याचा आठवड्यानिहाय आराखडा सोबत जोडला आहे. 45 दिवसांपैकी 10 दिवस शिल्लक अर्जित रजेतून वळते करावेत, आणि उरलेल्या 35 दिवसांची भरपाई नेमणूकपत्रातल्या कलमाप्रमाणे देण्यास मी तयार आहे. ही तारीख शक्य नसेल तर प्रोजेक्टला चालेल अशी सर्वांत लवकरची तारीख कळवावी. निर्णय होईपर्यंत मी 30 ऑगस्ट हीच तारीख धरून काम करत आहे."

यातली शेवटची दोन वाक्यं सोडू नका. तारीख शक्य नसेल तर दुसरी सुचवा, असं म्हटल्याने मॅनेजरला 'नाही' ऐवजी एक तारीख लिहावी लागते. आणि निर्णयापर्यंत पूर्ण नोटीस धरतेय, असं लिहिल्याने उद्या कोणी 'ही न सांगता निघून गेली' असं म्हणू शकत नाही. मेल मॅनेजरला, प्रत एचआरला. फक्त मॅनेजरला पाठवलेला मेल त्याच्या इनबॉक्समध्येच राहतो, आणि तो मॅनेजर मध्येच बदलला तर सगळं पहिल्यापासून.

मधली तारीख

मी वरच्यांशी बोललो. बिलिंगचा प्रश्न सुटला, कारण तिच्या जागी त्याच टीमचा मुलगा उभा राहणार होता. 31 जुलैची महिनाअखेर मात्र कोणी सोडायला तयार नव्हतं, मीसुद्धा नाही. मी तिला म्हणालो, "1 ऑगस्टला सोडतो. पण 30 जूनची तिमाहीअखेर उरकली की तू नागपूरला जा, पुढचा महिनाभर तिथूनच काम कर."

तिने एक दिवस मागून घेतला आणि नव्या कंपनीला फोन केला. तिथल्या एचआरने तारीख 4 ऑगस्टपर्यंत ढकलली, पण जुन्या कंपनीचं लेखी पत्र मागितलं. असं मागतात आणि त्यात काही वावगं नाही. पुष्कळ जण इथे उलटं करतात: मॅनेजरचा होकार येण्याआधीच नव्या कंपनीला तारीख कबूल करतात, मग दोन्हीकडे शब्द फिरवावा लागतो. तिने राजीनाम्याआधीच नव्या कंपनीला सांगून ठेवलं होतं की 17 जुलैसाठी प्रयत्न करेन, पण माझी नोटीस 90 दिवसांची आहे. म्हणून ढकलायला जागा राहिली.

1 ऑगस्ट हा 61 वा दिवस. 29 दिवस कमी पडले. 10 रजेत गेले, 19 उरले. वरच्या गोल आकड्यांत सांगायचं तर पूर्ण पगारावर 57,000. 16 जुलैच्या मागणीत 35 दिवसांचे 1,05,000 झाले असते, त्याच्या निम्म्याच्या जवळ. नव्या कंपनीने त्यातला काही भाग देऊ केला, उरलेला तिने स्वतः सोसला.

माझा तोंडी होकार मिळाल्यावर तिने मला स्वस्थ बसू दिलं नाही, आणि बरं केलं. एचआरच्या सिस्टिममध्ये शेवटचा दिवस 30 ऑगस्टच दिसत होता. दोन आठवडे ती दर सोमवारी मला नम्रपणे आठवण करत राहिली. मंजुरी तीन जणांकडून जायची होती आणि मधला एक रजेवर होता. सिस्टिममधली तारीख बदलेपर्यंत मॅनेजरचा 'हो' कच्चाच असतो. पगार, ग्रॅच्युइटी, पीएफमधली नोकरी सोडल्याची तारीख, सगळं त्याच एका रकान्यावरून निघतं. तो चुकीचा राहिला तर कागदावर तुम्ही ऑगस्टभर दोन कंपन्यांत नोकरी केल्याचं दिसतं, आणि पार्श्वभूमी तपासणीत ते वर येतं. तारीख बदलल्यावर तिने पडद्याचा फोटो काढून ठेवला आणि वसुलीची रक्कम, रजेचे वळते दिवस आणि लॅपटॉप कुरिअरने परत करण्याची मुभा, हे तिन्ही एचआरकडून एकाच मेलमध्ये लिहून घेतलं.

एका गोष्टीला मी तिला नाही म्हणालो. 'गेल्यावरही महिनाभर काही अडलं तर रात्री फोन करा, मी बघेन' असं तिने आराखड्याच्या शेवटी लिहिलं होतं. भावना चांगली होती, पण शेवटच्या दिवशी तिचा सिस्टिमचा प्रवेश बंद होणार होता आणि क्लायंटची माहिती बाहेरच्या माणसाशी बोलणं आम्हालाच चालणार नव्हतं. शिवाय नव्या कंपनीत तिचं पहिलं काम काय असणार होतं, कोणास ठाऊक. ते वाक्य मी काढायला लावलं. त्याऐवजी शेवटच्या आठवड्यात त्या मुलाच्या प्रश्नांसाठी रोज अर्धा तास राखून ठेवला.

31 जुलैला रात्री बॅच त्या मुलाने लावली. ती नागपूरहून कॉलवर होती, माइक बंद करून. पहाटे अडीचच्या सुमाराला जुळवणीचा एक जॉब पडला. मुलगा थोडा वेळ गप्प होता, मग त्याने तिने लिहून ठेवलेल्या रनबुकचं पान उघडलं, कोणती पायरी पूर्ण झाली ते तपासलं आणि चौथ्या पायरीपासून जॉब पुन्हा सुरू केला. ती काहीच बोलली नाही. पावणेचारला बॅच संपली. सकाळी तिने मला मेल पाठवला: चौथ्या पायरीबद्दल रनबुकमध्ये एक ओळ कमी होती, ती आता लिहिली आहे.